निष्कर्ष विधानापेक्षा मोठा नको: लेखापरीक्षणातील मुलाखतीवरून निष्कर्ष लिहिताना

अंतर्गत लेखापरीक्षण विभागात नव्याने रुजू झालेल्या सहकाऱ्याकडे पहिल्या काही कामांतच एखाद्या मुलाखतीचा शब्दशः उतारा येतो आणि त्यातून निष्कर्ष काढून द्यायला सांगितले जाते. तो उतारा काळजीपूर्वक वाचतो, विषय समजून घेतो आणि आपल्या शब्दांत एक सुबक टिपण तयार करतो. अशी टिपणे तपासण्याचे काम बऱ्याच काळापासून माझ्याकडे आहे. त्यांत धडधडीत चुकीचे असे सहसा काही नसते. अडचण वेगळीच असते. टिपणातले कोणते वाक्य मुलाखत देणाऱ्याने सांगितले, कोणते त्याच्या बोलण्यावरून लिहिणाऱ्याने ताडले आणि कोणते त्याला आधीपासूनच ठाऊक होते, हे वेगळे काढता येत नाही. अहवाल संबंधित विभागाकडे गेल्यावर पहिला प्रश्न हाच येतो की हे कोणी आणि नेमके कधी सांगितले. त्याचे उत्तर उताऱ्यातल्या ओळीवर बोट ठेवून देता आले नाही, तर खरा असलेला निष्कर्षही मागे घ्यावा लागतो.

व्यवस्थापन प्रणालींच्या लेखापरीक्षणासाठीच्या आयएसओ १९०११ या मार्गदर्शक मानकाच्या २०१८ च्या आवृत्तीनुसार निकषांशी संबंधित आणि पडताळून पाहता येण्याजोगी माहितीच पुरावा ठरते, आणि अशा पुराव्याचे निकषांच्या कसोटीवर मूल्यमापन केल्यावर जे हाती येते तो निष्कर्ष. अंतर्गत लेखापरीक्षणाची ९ जानेवारी २०२५ पासून लागू झालेली जागतिक मानके माहिती संबद्ध, विश्वसनीय आणि पुरेशी असावी अशी अपेक्षा ठेवतात. पुरेशी म्हणजे इतकी, की दुसरी जाणकार व्यक्ती तेच काम पुन्हा करून त्याच निष्कर्षाला पोहोचू शकेल. उताऱ्यावर काम करताना मला या दोन्हींचा एकच व्यावहारिक अर्थ महत्त्वाचा वाटतो. निष्कर्ष आपल्या आधाराच्या विधानापेक्षा तसूभरही मोठा असू नये. हे प्रत्यक्षात कसे साधायचे ते एका उदाहरणावरून सांगते.

पुढील उतारा मी या लेखासाठी रचला आहे, पण त्यातील बोलण्याची धाटणी अशा मुलाखतींत नेहमी भेटणारी आहे. विषय आहे पुरवठादारांच्या बँक खात्यांतील बदलांचा. संस्थेच्या लेखी कार्यपद्धतीत तीन गोष्टी स्पष्ट आहेत असे धरू. खातेबदलाची विनंती आल्यावर पुरवठादाराला आपल्या नोंदीत आधीपासून असलेल्या क्रमांकावर फोन करून खात्री करावी आणि त्या फोनची नोंद ठेवावी. बदल नोंदवणारी आणि मंजूर करणारी व्यक्ती वेगळी असावी. आणि कोणीही दुसऱ्याचे लॉगिन वापरू नये.

१. लेखापरीक्षक: पुरवठादाराचं बँक खातं बदललं तर तुमच्याकडे काय होतं?

२. देयक अधिकारी: त्यांचा ईमेल येतो. मग फोन करून खात्री करायची असते, आणि मग मी सिस्टिममध्ये बदल टाकतो.

३. लेखापरीक्षक: फोन कोणत्या नंबरवर करता?

४. देयक अधिकारी: बहुतेक वेळा ईमेलच्या खालीच नंबर दिलेला असतो, त्यावरच.

५. लेखापरीक्षक: म्हणजे दर वेळी फोन होतो आणि त्याची नोंद ठेवली जाते?

६. देयक अधिकारी: हो. म्हणजे महिनाअखेरीला गर्दी असते, तेव्हा फोन राहून जातो कधी कधी.

७. लेखापरीक्षक: बदल मंजूर कोण करतं?

८. देयक अधिकारी: साहेब. त्यांनी मंजूर केल्याशिवाय सिस्टिम पुढे जाऊच देत नाही.

९. लेखापरीक्षक: आणि ते रजेवर असतील तर?

१०. देयक अधिकारी: मागच्या महिन्यात ते आठवडाभर नव्हते. पेमेंट अडलं होतं, म्हणून त्यांच्या लॉगिनवरून मीच दोन बदल मंजूर केले. त्यांनीच सांगितलं होतं तसं.

११. लेखापरीक्षक: असं इतर ठिकाणीही होतं का?

१२. देयक अधिकारी: दुसऱ्या शाखेत तर सर्रास चालतं असं ऐकलंय.

१३. लेखापरीक्षक: पुरवठादारांच्या यादीचा आढावा घेतला जातो?

१४. देयक अधिकारी: तिमाहीला घेतात वाटतं. ते काम माझ्याकडे नाही.

यानंतर बोलणे दुसऱ्या विषयांकडे वळते आणि बऱ्याच वेळाने, ३६ व्या नोंदीत, अधिकारी स्वतःहून म्हणतो: "मघाशी मी दोन बदल म्हणालो ना, त्यातला एक साहेबांनी परत आल्यावर स्वतः केला. माझ्याकडून एकच झाला."

पहिले काम क्रमांक देण्याचे. प्रत्येक बोलण्याला स्वतंत्र क्रमांक द्यावा आणि ध्वनिमुद्रण असेल तर त्यातील वेळही लिहावी. क्रमांक दिल्यानंतर त्या प्रतीत काहीही बदलू नये. शुद्धलेखन सुधारण्यासाठी कोणी मधली दोन बोलणी एकत्र केली की पुढचे सगळे क्रमांक सरकतात आणि आधी लिहिलेला प्रत्येक संदर्भ भलत्याच ओळीकडे बोट दाखवू लागतो. टंकलेखनातील चूक आढळल्यास ती स्वतंत्र दुरुस्तीपत्रकात तारखेसह नोंदवावी. ज्या वाक्यांवर निष्कर्ष उभा राहणार आहे, तेवढी वाक्ये मात्र मूळ ध्वनिमुद्रण ऐकून पडताळलीच पाहिजेत, कारण वाक्याच्या शेवटचा नकार तोंडातल्या तोंडात उच्चारला जातो आणि टंकलेखनात तोच सर्वात आधी गळतो.

त्यानंतर निष्कर्षांचा विचारही न करता, उताऱ्यातील वस्तुस्थितीविषयीची विधाने एकेक करून बाहेर काढावीत आणि प्रत्येकासमोर ते कोणत्या प्रकारचे आहे ते लिहावे. मी चार प्रकार मानते: बोलणाऱ्याने स्वतः केलेली किंवा स्वतः पाहिलेली गोष्ट, नियम काय आहे याविषयीचे सांगणे, दुसऱ्याकडून ऐकलेली गोष्ट, आणि बोलणाऱ्याचे मत किंवा अंदाज. एकाच बोलण्यात दोन प्रकार सहज नांदतात. दुसऱ्या नोंदीत 'फोन करून खात्री करायची असते' हा नियम आहे आणि 'मी सिस्टिममध्ये बदल टाकतो' ही स्वतःची कृती आहे. घाईत वाचणारा 'अधिकारी फोन करून खात्री करतो व मग बदल नोंदवतो' असे लिहून मोकळा होतो. फोन केला जातो असे या वाक्यात कोणीही म्हटलेले नाही. नियम सांगणारी वाक्ये मुलाखतीच्या सुरुवातीला भरपूर येतात, कारण माणूस आधी काय करायला हवे ते सांगतो आणि काय होते ते पुढच्या प्रश्नांनंतर बाहेर येते. ती वाक्ये त्याला नियम ठाऊक असल्याचा पुरावा म्हणून जरूर ठेवावीत, पण नियम पाळला जात असल्याचा पुरावा म्हणून कधीही वापरू नयेत.

आता चौथी नोंद पाहू. पुरवठादाराच्या नावाने बनावट ईमेल पाठवून खाते बदलायला लावणे ही फसवणुकीची सर्वज्ञात पद्धत आहे, आणि तशा ईमेलच्या खाली दिलेला क्रमांकही फसवणाऱ्याचाच असतो. त्यामुळे त्या क्रमांकावर फोन केला तर पलीकडे तोच माणूस 'हो, खाते बदलले आहे' असे सांगणार. या कारणाने चौथी नोंद हा उताऱ्यातील एक महत्त्वाचा आधार आहे. पण तिच्यावरून नवा सहकारी बहुधा असा निष्कर्ष लिहितो: 'पुरवठादारांच्या खातेबदलाची पडताळणी केली जात नाही.' हे वाक्य विधानापेक्षा फार मोठे आहे. फोन केला जात नाही असे अधिकारी चौथ्या नोंदीत म्हणत नाही. फोन चुकीच्या क्रमांकावर होतो एवढेच तो सांगतो, आणि तेही 'बहुतेक वेळा' होते असे म्हणतो. माझ्या मते तो निष्कर्ष असा लिहायला हवा:

'देयक अधिकाऱ्याने सांगितल्यानुसार, खातेबदलाची खात्री करण्याचा फोन बहुतेक वेळा विनंतीच्या ईमेलमध्येच दिलेल्या क्रमांकावर केला जातो; आधार: नोंद ४. कार्यपद्धतीनुसार तो नोंदीत आधीपासून असलेल्या क्रमांकावर करणे आवश्यक आहे. ईमेल बनावट असल्यास अशा फोनने फसवणूक उघड होणार नाही. कागदोपत्री पडताळणी: बाकी.'

येथे चार वाक्यांत चार वेगळ्या गोष्टी आहेत. पहिले वाक्य स्थिती सांगते आणि ते पूर्णपणे चौथ्या नोंदीवर उभे आहे. दुसरे निकष सांगते. त्याचा आधार मुलाखत नसून कार्यपद्धतीचा दस्तऐवज आहे, म्हणून प्रत्यक्ष कामात तेथे त्या दस्तऐवजाचा परिच्छेद क्रमांक यायला हवा. तिसरे जोखीम सांगते आणि ते लेखापरीक्षकाचे स्वतःचे विवेचन आहे. अधिकाऱ्याने कोठेही नुकसान झाल्याचे सांगितलेले नाही, त्यामुळे तेथे 'नुकसान झाले' किंवा 'नुकसान होत आहे' असे लिहिण्याचा आपल्याला अधिकार नाही. चौथे वाक्य हे अजून केवळ सांगणे आहे, याची कबुली देते. आधार कोणत्या वाक्याला लागू आहे हे न पाहता संपूर्ण परिच्छेदाच्या शेवटी एकच क्रमांक टाकला, तर निकष आणि जोखीमही अधिकाऱ्याच्याच तोंडची आहे असा समज होतो, आणि ते त्याच्यावर अन्यायकारक आहे.

सहाव्या नोंदीत दोन अडचणी आहेत. पहिली प्रश्नातच आहे. पाचव्या नोंदीत लेखापरीक्षकाने दोन प्रश्न एकत्र विचारले, आणि तेही अपेक्षित उत्तर सुचवणाऱ्या शब्दांत. अधिकाऱ्याचे 'हो' हे फोनला उद्देशून आहे, नोंद ठेवण्याला आहे की केवळ बोलण्याची सुरुवात म्हणून आले आहे, हे उताऱ्यावरून ठरवता येत नाही. अशा 'हो'वर कोणताही निष्कर्ष, अगदी अनुकूल निष्कर्षसुद्धा, उभा करू नये. फोनची नोंद ठेवली जाते की नाही हा मुद्दा 'उत्तर मिळालेले नाही' या सदरात जातो आणि तो पुन्हा विचारला पाहिजे. एखादे उत्तर एका शब्दाचे असेल तर त्याच्या आधारासोबत प्रश्नाचा क्रमांकही लिहावा, हे मी आग्रहाने सांगते, कारण त्या उत्तराचा सगळा आशय प्रश्नकर्त्याचा असतो.

दुसरी अडचण पुढच्या वाक्यात आहे. 'महिनाअखेरीला गर्दी असते, तेव्हा फोन राहून जातो कधी कधी' हे स्वतःच्या कामाविषयीचे, आणि स्वतःला अडचणीत आणणारे विधान आहे. म्हणून त्याला वजन आहे. त्यातील 'कधी कधी' हा शब्द मात्र सारांशात टिकलाच पाहिजे. तो गळून 'महिनाअखेरीस फोन केले जात नाहीत' असे झाले की अधिकारी पहिल्याच बैठकीत आक्षेप घेईल, आणि तो आक्षेप रास्त असेल. गर्दी हे कारण म्हणून मांडतानाही 'अधिकाऱ्याच्या मते' असे म्हणावे, कारण गर्दीमुळेच फोन राहतात की त्या दिवसांत कोणी तपासत नाही म्हणून राहतात, हे आपण अजून पाहिलेले नाही.

चुकीचा क्रमांक आणि राहून गेलेला फोन हे दोन वेगळे निष्कर्ष ठेवावेत का, असे मला अनेकदा विचारले जाते. विषय एक असल्याने ते एकत्र करण्याचा मोह होतो. मी ते वेगळे ठेवते. पहिल्यात पद्धतच चुकीची आहे, तर दुसऱ्यात काम सुटते आहे. पहिल्यावरचा उपाय क्रमांक कोठून घ्यायचा हे बांधून देण्याचा आहे, तर दुसऱ्यावरचा फोनची नोंद असल्याशिवाय बदल पुढे जाऊ न देण्याचा असू शकतो. शिवाय एकत्र केले की पडताळणीत एक सिद्ध झाले आणि दुसरे झाले नाही, तर संपूर्ण निष्कर्षच डळमळीत दिसू लागतो.

सर्वात जास्त काळजी दहाव्या नोंदीला लागते. तेथे अधिकारी स्वतः केलेली ठोस कृती सांगतो, तिचा काळ सांगतो आणि कारणही सांगतो. केवळ या नोंदीवर थांबणारा 'दोन बदल' असे लिहील. ३६ वी नोंद वाचलेला 'एक बदल' लिहील. माणूस बोलता बोलता आठवतो आणि आपले सांगणे सुधारतो, म्हणून उतारा शेवटपर्यंत वाचल्याशिवाय पहिला निष्कर्षही लिहायला घेऊ नये. दुरुस्ती आली तरी जुने विधान टाकून द्यायचे नाही. आधार म्हणून दोन्ही क्रमांक लिहायचे आणि अधिकाऱ्याने आधी दोन व नंतर एक बदल सांगितल्याचे नमूद करायचे. खरा आकडा कागदपत्रे ठरवतील.

त्याच नोंदीतले 'त्यांनीच सांगितलं होतं तसं' हे वाक्य व्यवस्थापकाविषयीचे आहे आणि व्यवस्थापकाला अद्याप कोणी विचारलेले नाही. त्यामुळे 'व्यवस्थापकाने आपले लॉगिन वापरण्याची परवानगी दिली' असे निष्कर्षात येता कामा नये. 'व्यवस्थापकाच्या सांगण्यावरून असे केल्याचे अधिकाऱ्याने सांगितले' इतकेच येऊ शकते, आणि तेही कार्यपत्रात. व्यवस्थापकाची बाजू ऐकून घेतल्यानंतरच ते अहवालात जावे की नाही हे ठरवावे.

आठवी नोंद वरवर पाहता याच्या विरुद्ध आहे. मंजुरीशिवाय सिस्टिम पुढे जाऊ देत नाही, असे ती सांगते. दोन्ही खरी असू शकतात: सिस्टिमने मंजुरी मागितली आणि ती मिळालीही, फक्त ती देणारा माणूस तो नव्हता. म्हणून आठवी नोंद नियंत्रण व्यवस्थित चालते याचा आधार म्हणून वापरू नये, आणि ती लपवूही नये. मी प्रत्येक निष्कर्षाखाली 'विरुद्ध जाणारी किंवा मर्यादा घालणारी विधाने' अशी एक ओळ ठेवते आणि ती रिकामी असेल तर उतारा त्या दृष्टीने पुन्हा चाळते.

या निष्कर्षाची पडताळणी कशी करायची तेही सांगायला हवे, कारण येथे सरळ वाटणारा मार्ग फसवा आहे. सिस्टिममधील मंजुरीची नोंद काढली तर तेथे व्यवस्थापकाचेच नाव दिसेल आणि सगळे नियमानुसार झाल्याचे वाटेल. ती नोंद एकटी पाहून 'अधिकाऱ्याचे सांगणे सिद्ध झाले नाही' असे लिहिणे चूक ठरेल. मंजुरीची तारीख आणि वेळ व्यवस्थापकाच्या रजेच्या नोंदीशी ताडून पाहावी, आणि उपलब्ध असल्यास मंजुरी कोणत्या संगणकावरून झाली ते पाहावे. व्यवस्थापकाला रजेवर असताना बाहेरून लॉगिन करण्याची सोय आहे का, हेही विचारावे. ती असेल तर केवळ तारखा जुळल्याने काहीच सिद्ध होत नाही. हे सर्व झाल्यावर निष्कर्षासमोर मुलाखतीतील नोंद आणि कागदोपत्री पुरावा असे दोन आधार येतात, आणि 'अधिकाऱ्याने सांगितल्यानुसार' हे शब्द मग काढता येतात. तोपर्यंत ते राहिलेच पाहिजेत.

बाराव्या नोंदीवर नवखा वाचक हमखास रेंगाळतो, कारण 'सर्रास' हा शब्द मोठ्या गैरप्रकाराची चाहूल देतो. पण ती ऐकीव गोष्ट आहे, तीही आपल्या कामाच्या कक्षेबाहेरील शाखेविषयीची. ती निष्कर्षांत येत नाही. पथकप्रमुखाला कळवायच्या बाबींच्या यादीत येते. चौदावी नोंदही तशीच. 'वाटतं' आणि 'माझ्याकडे नाही' या दोन शब्दप्रयोगांनी बोलणाऱ्याने स्वतःच आपल्या सांगण्याची मर्यादा आखून दिली आहे. तिच्यावरून आढावा होतो असेही म्हणता येत नाही आणि होत नाही असेही नाही. ते काम कोणाकडे आहे हे शोधून त्या व्यक्तीला विचारायचे.

अशा रीतीने या उताऱ्यातून तीन निष्कर्ष, एक अनुत्तरित प्रश्न आणि पुढे पाठवायच्या दोन बाबी हाती लागतात. मसुदा झाल्यावर मी तो दोन दिशांनी तपासते. प्रथम प्रत्येक निष्कर्षाकडून त्याच्या विधानाकडे जाते. यासाठी मुलाखतीला हजर नसलेल्या सहकाऱ्याला फक्त निष्कर्षाचे वाक्य आणि आधाराच्या ओळी द्याव्यात, आणि या ओळींवरून हे वाक्य निघते का असे विचारावे. त्याला 'म्हणजे पुढे तो असंही म्हणाला होता' असे समजावून सांगावे लागले, तर एखादा आधार लिहायचा राहिला आहे किंवा निष्कर्ष विधानाबाहेर गेला आहे. मग उलट दिशेने, बाहेर काढलेल्या प्रत्येक विधानाकडून सुरुवात करून ते कोठे गेले हे पाहते. एखादे विधान कोणत्याही निष्कर्षात किंवा यादीत नसेल तर ते का वगळले याचे चार शब्दांचे कारण त्याच्यासमोर असावे. तपासणीच्या या दुसऱ्या फेरीचा कंटाळा केला जातो, पण ३६ व्या नोंदीसारखी दुरुस्ती हाती लागते ती येथेच.

अवतरणाविषयी दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. अवतरणचिन्हांत जे येईल ते उताऱ्यातले जसेच्या तसे असावे. बोलीतले रूप प्रमाण करून किंवा वाक्य नेटके करून अवतरणात घालू नये, आणि मधले शब्द गाळले तर तीन टिंबांनी ते दाखवावे. मूळ अवतरण कार्यपत्रात राहावे आणि अहवालात त्याचा आशय पदनामासह यावा. त्या पदावर एकच व्यक्ती काम करत असेल तर पदनामावरूनही ओळख पटते, म्हणून तेथे शब्दरचना ठरवताना पथकप्रमुखाशी बोलून घ्यावे.

अहवालाचा मसुदा जाण्यापूर्वी त्यातील वस्तुस्थितीचा भाग मुलाखत देणाऱ्याला दाखवला जातो, आणि तेव्हा अधिकारी बहुधा म्हणतो, 'मी बहुतेक वेळा म्हणालो असेन, पण तसं एखाद्या वेळीच होतं.' अशा वेळी उताऱ्याला हात लावायचा नाही. त्याचे नवे सांगणे तारखेसह वेगळी नोंद म्हणून लिहायचे, पहिल्या निष्कर्षाच्या आधारात 'नोंद ४' च्या शेजारी तिचा संदर्भ द्यायचा, आणि तपासणीच्या कालावधीतील सर्व खातेबदलांची यादी मागवून ज्या बदलांच्या फोनची नोंद सापडते, त्यांत कोणता क्रमांक वापरला गेला ते ईमेलशी आणि जुन्या नोंदीशी ताडून पाहायचे.